पहिली दहा किलोमीटर आणि कानातली गाणी: ठेका पावलाशी कसा जुळवायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमचा सकाळचा गट पुण्यात विद्यापीठाच्या आवारात पळतो. लहानपणी मी सहा वर्षं तबला शिकलो होतो. त्याचा उपयोग पन्नाशीत पळणाऱ्यांना गाणी निवडून देण्यासाठी होईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर गुरुजीच हसले असते. पहिल्यांदा दहा किलोमीटर पळणारे दरवर्षी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. उदाहरण म्हणून सगळीकडे माझ्या मामेबहिणीची यादी घेतली आहे. ती बँकेत नोकरी करते, वय एक्केचाळीस, आणि तिला पहिली शर्यत 75 मिनिटांत संपवायची होती.

केडन्स म्हणजे नेमकं काय, आणि गाण्याचा त्याच्याशी काय संबंध?

एका मिनिटात दोन्ही पाय मिळून जितकी पावलं पडतात, तो तुमचा केडन्स. गाण्यात एका मिनिटात जितके ठोके पडतात, तो त्याचा बीपीएम. हे दोन आकडे सारखे असले की प्रत्येक ठोक्यावर एक पाऊल पडतं आणि पाय आपोआप त्या लयीत बांधले जातात. पळताना दमलं की आधी लय विस्कटते, पेस म्हणजे पळण्याचा वेग त्यानंतर पडतो. गाणं ती लय धरून ठेवतं, त्याचं काम एवढंच. त्याच्याकडून वेगाची अपेक्षा करू नका. का ते पुढे, ठेका जुळूनही पेस जास्त का येतो, या प्रश्नाच्या उत्तरात येईल.

सगळे म्हणतात केडन्स 180 हवा. मग 180 बीपीएमचीच गाणी घ्यायची ना?

नको. हा आकडा जॅक डॅनियल्स या अमेरिकी प्रशिक्षकाच्या निरीक्षणातून आला. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा जवळजवळ सगळ्यांची मिनिटाला 180 किंवा त्याहून जास्त भरली. पण ती माणसं ऑलिंपिकची शर्यत पळत होती. साडेसात मिनिटांना एक किलोमीटर पळणाऱ्या माणसाला 180 ची गाणी लावली तर तो पहिल्या दोन गाण्यांत धापा टाकतो आणि तिसऱ्यात ठेका सोडून देतो. आमच्या गटात नवखे बहुतेक 154 ते 166 च्या मध्ये असतात. तुमचा आकडा तुम्हीच मोजा, आणि गाणी त्याच्यामागे आणा.

माझा केडन्स कसा मोजू?

दहा मिनिटं सावकाश पळून अंग गरम झाल्यावर सपाट रस्त्यावर मोजा. शर्यतीत ठेवायचा आहे तोच पेस असू द्या. फक्त उजवा पाय पूर्ण एक मिनिट मोजायचा आणि दुप्पट करायचा. असं तीन वेगवेगळ्या दिवशी करा. मोजताना पहिल्या पावलाला ‘शून्य’ म्हणा, ‘एक’ नाही, म्हणजे हिशोब चुकत नाही. आणि मोजताना कानात गाणं नको, नाहीतर तुमच्याऐवजी गाण्याचा आकडा हाती येतो.

बहिणीचे तीन दिवसांचे आकडे 78, 79 आणि 79 आले. म्हणजे केडन्स साधारण 158. घड्याळही हा आकडा दाखवतं आणि बहुधा बरोबर दाखवतं. पण काही घड्याळं एकाच पायाचा आकडा देतात. 79 दिसलं तर घाबरू नका, दुप्पट करा.

गाण्याचा वेग कसा मोजू? ॲप चुकीचं दाखवतं असं ऐकलंय.

टेबलावर बोट आपटत तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. इथेही पहिला ठोका शून्य. तीस सेकंदांत 79 ठोके म्हणजे 158.

ॲप खोटं बोलत नाही, पण ते एक गोष्ट हमखास गोंधळतं. 158 च्या गाण्याला ते कधी 79 म्हणतं आणि 79 च्या गाण्याला 158. आपल्याला त्याचा त्रास नाही. 79 च्या संथ गाण्यात दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये आणखी एक पाऊल पडतं, म्हणजे ठोक्यावर उजवा आणि मध्ये डावा, आणि पाय तसाच जुळतो. मात्र ही दुपटीची युक्ती सगळ्या ठेक्यांत चालत नाही.

मग मराठी गाण्यांपैकी कोणती जमतात? कोळीगीतं तर इतकी नाचरी असतात!

पहिल्यांदा यादी करणारे बहुतेक जण इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

केरवा हा ताल घ्या. आठ मात्रा: धा गे ना ति, न क धि न. एक सोडून एक मात्रेवर पाऊल टाकलं तर पहिली, तिसरी, पाचवी, सातवी अशी चार पावलं पडतात. उजवा, डावा, उजवा, डावा. पुढची सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा, परत उजव्यावर. सगळं समान भागांत तुटतं, म्हणून केरव्यातलं गाणं दुपटीनं धरा की निम्म्यानं, पायाखाली नीट बसतं. लेझमीच्या चालीची गाणी, बरीचशी नाचाची फिल्मी गाणी आणि नव्या डीजे मिक्समधली जवळपास सगळी याच घरातली.

आता दादरा: धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा, आणि वजन पहिलीवर आणि चौथीवर. बरीच कोळीगीतं याच झोक्यावर चालतात, होडी हलावी तशी. मोजायला बसलात तर वजनदार ठोके मिनिटाला साधारण 100 ते 130 भरतात. एकेका ठोक्यावर पाऊल टाकाल तर फार संथ. दुप्पट कराल तर पायाला 200 च्या वर जावं लागतं. कुणी हुशारीनं पहिली, तिसरी, पाचवी अशा मात्रांवर पावलं टाकतो. 106 च्या गाण्यात त्यानं 159 पावलं होतातही. पण मग चौथ्या मात्रेचं वजन बरोबर दोन पावलांच्या मधोमध येतं. कानाला ठोका ऐकू येतो तेव्हा पाय हवेत असतो. दोन-तीन मिनिटं हे तबलजीला जमेल. सहाव्या किलोमीटरला कुणालाही जमत नाही.

ओळखायची सोपी खूण सांगतो. गाणं लावा आणि उभ्या उभ्या ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणत पाय आपटा. ते ‘एक-दो-तीन, एक-दो-तीन’ असं म्हणावंसं वाटलं, अंग पुढे-मागे न होता डावी-उजवीकडे झुलायला लागलं, की समजायचं हा दादरा. तो घरी ऐकायचा. भावगीतांमधला रूपक म्हणजे सात मात्रांचा, त्याची तर बातच नको.

ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं तर? त्यानं अंगात जोर येतो.

येतो, आणि तिथेच घोळ होतो. माझ्या पहिल्या शर्यतीत मी यादीत सगळ्यात आधी एका पथकाच्या मिरवणुकीचं रेकॉर्डिंग ठेवलं होतं. सुरुवातीला ठेका माझ्या पायाला अगदी बरोबर होता. पण पथक वाजवताना लय चढवत नेतं, त्यातच त्यांची कमाल असते. ताशा वर गेला, ढोल त्याच्या मागे, आणि माझे पाय त्यांच्या मागे. मला कळलंच नाही. सात मिनिटांचा ठरवलेला पहिला किलोमीटर सहा मिनिटं पाच सेकंदांत झाला आणि मी खूशही झालो. सहाव्या किलोमीटरला मी चालत होतो आणि माझ्या शेजारून एक आजोबा गप्पा मारत पुढे गेले.

आरती आणि भजनाच्या गजराचंही तसंच. लय शेवटाकडे वाढत जाते. पोवाड्यात मधे मधे ठेका थांबून नुसतं कथन चालतं. हे सगळे प्रकार ऐकायला उत्तम आहेत, पण पायाला मोजपट्टी म्हणून निरुपयोगी.

जुनी फिल्मी गाणी?

पूर्वीची गाणी स्टुडिओत सगळे वादक एकत्र बसून वाजवत. त्यात लय थोडी मागेपुढे होते, कडव्यात जरा सैल आणि ध्रुपदाला जरा ओढलेली. ऐकताना तीच गोडी असते. पळताना मात्र 156 वरून 161 आणि पुन्हा 157 असं झालं की पाय सतत जुळवून घेत राहतो. गाणं सुरुवातीला, मध्ये आणि शेवटाला असं तीन ठिकाणी तीस-तीस सेकंद मोजा. एका मिनिटामागे दोनपेक्षा जास्त ठोक्यांचा फरक आला तर सोडून द्या. संगणकावर ठेका बांधून केलेल्या नंतरच्या गाण्यांत बहुधा काडीचाही फरक येत नाही.

माझ्या आकड्याची गाणी पाच-सहाच मिळाली. बाकीची कुठून आणू?

जवळच्या वेगाची गाणी घ्या आणि त्यांचा वेग थोडा बदला, सूर न हलवता. चार टक्क्यांपर्यंतचा बदल मला तरी कानाला खटकत नाही. त्यापुढे गायक घाईत असल्यासारखा किंवा झोपेत असल्यासारखा वाटायला लागतो. 158 साठी 152 ते 164 मधली कुठलीही गाणी त्या मर्यादेत येतात, शिवाय निम्म्या हिशोबानं 76 ते 82 मधलीही. एवढ्या पट्ट्यात घरातल्याच गाण्यांतून वीसेक सहज निघतात.

Audacity या मोफत प्रोग्रॅममध्ये Change Tempo नावाची सोय आहे. तिथे मूळचा आणि हवा असलेला बीपीएम टाकायचा. Change Speed नको, त्यानं सूरही चढतो. संगणकाची सवय असेल तर एका ओळीतही काम होतं. 154 चं गाणं 158 करायचं तर 158 ला 154 नं भागा, उत्तर 1.026 येतं:

```
ffmpeg -i gane.mp3 -filter:a "atempo=1.026" gane-158.mp3
```

साडेचार मिनिटांचं गाणं यानं सात सेकंदांनी आखूड होतं. त्याच वेळी सुरुवातीचा आलाप किंवा वीस-तीस सेकंदांची बासरी कापून टाका, कारण तेवढा वेळ पायाला धरायला काहीच नसतं. हे सगळं तुमच्याकडे विकत घेतलेली फाइल असेल तरच होतं. स्ट्रीमिंग ॲपमधल्या गाण्याला हात लावता येत नाही.

गाणं बरोबर जुळलं, ठेका चुकला नाही, तरी पेस जास्त आला. असं कसं?

कारण गाणं पावलांची संख्या बांधतं, पावलाची लांबी बांधत नाही. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वेग. आवडतं गाणं लागलं की माणूस त्याच ठेक्यावर लांब पावलं टाकायला लागतो.

बहिणीला हे मी सणस मैदानाच्या ट्रॅकवर दाखवलं. कुठलाही 400 मीटरचा ट्रॅक चालेल. 75 मिनिटांत दहा किलोमीटर म्हणजे साडेसात मिनिटांना एक, आणि त्या वेगानं 400 मीटरची एक फेरी बरोबर तीन मिनिटांत होते. 158 च्या ठेक्यावर त्या फेरीत 474 पावलं पडतात, एक पाऊल साधारण 84 सेंटिमीटरचं. तिनं पहिली फेरी 158 च्या गाण्यावर, ठेका अजिबात न चुकवता, दोन मिनिटं पन्नास सेकंदांत मारली. पावलं तेवढीच भरभर पडली, फक्त प्रत्येक पाऊल पाच सेंटिमीटरनं लांब. “एवढंच ना?” असं ती म्हणाली. एवढंच, पण त्या पाच सेंटिमीटरनं किलोमीटरमागे पंचवीस सेकंद जास्त वेग येतो, आणि सातव्या किलोमीटरला तो वसूल होतो.

मग आम्ही तीच फेरी तेच गाणं लावून पुन्हा पुन्हा पळालो, तीन मिनिटं येईपर्यंत. चौथ्या फेरीला तीन मिनिटं दोन सेकंद आली. ‘या ठेक्यावर पाऊल केवढं टाकायचं’ हे पायाला असंच शिकवावं लागतं. आठवड्यातून एकदा, तीन-चार आठवडे. यासाठी दरवेळी एकच गाणं वापरा. त्याचा कंटाळा येईल हे खरं आहे.

केडन्स वाढवला तर गुडघे वाचतात म्हणतात. मग गाणी जरा वेगवान घेऊ का?

त्यात तथ्य आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात 2011 मध्ये झालेल्या अभ्यासात वेग तोच ठेवून पावलांची संख्या पाच ते दहा टक्के वाढवली, तेव्हा गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा भार कमी झाला. पाऊल आखूड होतं आणि पाय अंगाच्या फार पुढे पडत नाही. पण पहिल्या शर्यतीआधी दोन महिने उरले असतील तर दोन-तीन टक्क्यांवर थांबा. 158 वाल्यानं 162 ची गाणी घ्यावीत, तीही आठवड्यातल्या एका पळण्यात दहा-पंधरा मिनिटांपुरती. पिंढऱ्या दुखायला लागल्या तर मागे या, कारण आखूड पावलांचं जास्तीचं काम त्यांच्यावर पडतं. शर्यत तीन आठवड्यांवर आली असेल तर हा उद्योग करूच नका.

शर्यतीची यादी कशी लावायची? दहा किलोमीटरला किती गाणी लागतात?

बहिणीची यादी अशी होती. पहिली दहा मिनिटं गाणंच नाही. सुरुवातीला गर्दी असते, कुणाच्या तरी कोपराला चुकवत पळावं लागतं आणि ठेका धरता येत नाही. धरायला गेलं की माणूस लोकांना ओलांडायला लागतो. तिथे फक्त घड्याळ बघायचं.

उरली 65 मिनिटं. एक गाणं सरासरी चार मिनिटं वीस सेकंदांचं धरलं तर पंधरा गाणी. त्यातली पहिली अकरा सरळ 158 ची. पुढची तीन 160 ची, कारण साडेसात किलोमीटरनंतर पाय जड झाले की केडन्स आपोआप घसरतो आणि तो थोडा वर ओढावा लागतो. शेवटच्या गाण्याबद्दल खाली लिहिलंय. आवडती गाणी तिनं पुढे ठेवली होती, ती मी उचलून सातव्या किलोमीटरनंतर टाकली. त्यावरून थोडं भांडण झालं.

शफल बंद करा. एक गाणं दुसऱ्यात विरघळवणारी क्रॉसफेडची सोयही बंद करा, कारण त्या पाच-सहा सेकंदांत दोन ठेके एकावर एक वाजतात आणि पाय गोंधळतो. आणि सगळी गाणी फोनमध्ये उतरवून ठेवा. फुकटच्या ॲपवर ऐन आठव्या किलोमीटरला कर्जाची जाहिरात वाजते.

ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो. मग पाऊल चुकणार नाही का?

नाही. उशीर प्रत्येक ठोक्याला सारखाच असतो, आणि तुम्ही जे ऐकता त्यावरच पाऊल टाकता. गाणं फोनमधून कधी निघालं याच्याशी पायाला देणंघेणं नाही.

उड्डाणपुलावर ठेका सुटतो. काय करू?

पुण्यातल्या रस्त्यावरच्या शर्यतीत एखादा तरी पूल येतोच. चढावर ठेका तोच ठेवा आणि पाऊल आखूड करा, इतकं आखूड की जागच्या जागी पळतोय असं वाटावं. पेस पडेल, पडू द्या. उतारावर उलट होतं, पाऊल लांबतं आणि टाच दणकन आपटते. पळताना स्वतःच्या पावलांचा आवाज गाण्याच्या वर ऐकू यायला लागला तर समजा की पाऊल लांब पडतंय.

टेकडीवर, मग ती वेताळ असो की तळजाई, ठेका जुळवूच नका. दगड आणि मुळं पाऊल कुठे पडणार ते ठरवतात.

शर्यतीत इअरफोन चालतात का?

जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमांत स्पर्धकानं रेडिओ, फोन वगैरे वापरणं ही बाहेरची मदत धरली जाते, त्यामुळे बक्षिसासाठी पळणाऱ्यांनी तो विचार सोडून द्यावा. हौशी गटासाठी आयोजक आपापले नियम करतात. ते बिबसोबत, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकासोबत येणाऱ्या पत्रकात असतात. परवानगी असली तरी कानाचं भोक मोकळं ठेवणारे हाडावर बसणारे हेडफोन घ्या, किंवा एकच कान वापरा. मागून येणारी रुग्णवाहिका, स्वयंसेवकाची शिट्टी आणि सकाळी सहाला औंध रस्त्यावरची कुत्री, हे तिन्ही ऐकू यायला हवं. एका कानाचा एक तोटा आहे: गाण्यात ढोलकी फक्त डाव्या बाजूला मिसळलेली असेल तर उजव्या कानात ठेकाच येत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो चालू करा.

शेवटच्या किलोमीटरला एकदम वेगवान गाणं लावू का?

166 च्या वर नको. आणि ते आपोआप येईल असं ठेवू नका, कारण यादीचं आणि किलोमीटरचं गणित कधीच बरोबर जुळत नाही. पाणी घ्यायला थांबलात तरी एक मिनिट मागे-पुढे होतं. नऊ किलोमीटरची पाटी दिसली की बटण दाबून त्या गाण्यावर जा. बहिणीचं शेवटचं गाणं 164 चं होतं. तिनं पाटी पाहिली, बटण दाबलं, आणि घामानं ओल्या बोटानं ते दोनदा दाबलं गेलं. यादी संपून सुरुवातीला गेली आणि शेवटचा किलोमीटर ती पहिल्याच, 158 च्या गाण्यावर पळाली. वेळ आली 74 मिनिटं 20 सेकंद. सणसवर कंटाळा येईपर्यंत वाजवलेलं ते हेच गाणं.